पॉलिसीतला आकडा कुणी ठरवला?

या, पुढे येऊन बसा. मागे उभ्या असलेल्या वहिनींनाही बसायला जागा द्या, कारण घरचे कागद त्याच सांभाळतात आणि आजचं बोलणं कागदांचंच आहे. मंडळाच्या अध्यक्षांनी मला सांगितलं, "ताई, विम्यावर थोडं बोला, पण भाषण नको." भाषण मलाही येत नाही. विम्याच्या दाव्यांच्या कागदांत माझी बरीच वर्षं गेली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे, तीच मोठ्या बहिणीसारखी तुमच्या कानावर घालते.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे विमा आहे, हे मला माहीत आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तुमच्या पॉलिसीवर जो आकडा छापलाय, तो ठरवला कुणी? शंभरातल्या बऱ्याच दुकानदारांचं खरं उत्तर "बँकेने" असं असतं. कॅश क्रेडिट मंजूर झालं, मर्यादा 15 लाखांची, तर बँकेने 15 लाखांचा विमा काढला, हप्ता तुमच्या खात्यातून कापला आणि प्रत फायलीत ठेवली. बँकेने तिच्या कर्जाची काळजी घेतली, त्यात तिचं काही चुकलं नाही. पण तुमच्या दुकानात माल किती आहे, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारलाच नाही.

आपल्याच गल्लीतलं एक दुकान डोळ्यांपुढे आणू या. समजा मंगळ बाजाराजवळ साड्या आणि चणियाचोळीचं दुकान आहे. एरवी माल 25 लाखांच्या आसपास असतो. पण बडोद्यात गरब्याचा हंगाम म्हणजे काय, हे मी तुम्हाला काय सांगणार! भाद्रपदात सुरत-अहमदाबादहून गाठोडी येऊ लागतात. एकूण माल 40 लाखांवर जातो, त्यातला 30 लाखांचा दुकानात आणि 10 लाखांचा मागच्या पोळीत भाड्याने घेतलेल्या खोलीत. पॉलिसी बँकेची, 15 लाखांची, फक्त मालाची आणि फक्त दुकानाच्या पत्त्याची.

आता शेजारच्या दुकानातल्या वायरिंगने पेट घेतला आणि आग भिंतीवरून तुमच्याकडे आली. अग्निशमन दल वेळेवर आलं, अर्ध्याहून जास्त माल वाचला. पण जळालेला, धुराने काळवंडलेला आणि बंबाच्या पाण्याने भिजलेला मिळून 12 लाखांचा माल गेला. मालक म्हणतो, "12 लाखांचं नुकसान, 15 लाखांचा विमा, म्हणजे पूर्ण पैसे मिळतील." तसं होत नाही. सर्व्हेयर आधी विचारतो, आगीच्या दिवशी दुकानात एकूण माल कितीचा होता? 30 लाखांचा. विमा कितीचा? 15 लाखांचा. म्हणजे तुम्ही निम्म्याच मालाचा विमा घेतला होता आणि उरलेल्या निम्म्याचा धोका स्वतःकडे ठेवला होता. त्यामुळे नुकसानही त्याच प्रमाणात वाटलं जातं. 12 लाखांचे 6 लाख होतात आणि पॉलिसीत ठरलेली वजावट त्यातूनही जाते. विम्याच्या भाषेत याला अपुरा विमा म्हणतात आणि बाजारातली सर्वांत मोठी रडारड याच एका हिशेबावरून होते.

यात एक सवलत आहे, ती लक्षात ठेवा. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक मजकुराची पॉलिसी आणली. एका ठिकाणची विमा घेण्याजोगी सगळी मालमत्ता 5 कोटी रुपयांपर्यंत असेल, तर आपल्यासारख्या दुकानांना तीच लागू होते. तिच्यात 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे. म्हणजे दुकानात 30 लाखांचा माल आणि विमा साडेपंचवीस लाखांचा असेल, तरी प्रमाणाची कात्री लागत नाही. तेव्हा पैशापैशाचा हिशेब जुळलाच पाहिजे असं नाही. पण निम्म्यावर भागवून चालणार नाही.

मग आकडा काढायचा कसा? विक्रीच्या किमतीवर काढू नका. मालाची भरपाई तुम्हाला तो ज्या भावात दुकानापर्यंत येऊन पडला त्या भावाने मिळते, तुमचा नफा त्यात धरत नाहीत. एप्रिलच्या सुरुवातीचा शिल्लक माल घ्या, त्यात त्या दिवसापर्यंतची खरेदी मिळवा आणि विकलेल्या मालाची मूळ किंमत वजा करा. आपल्या दुकानात एप्रिलचा माल 25 लाखांचा होता, गरब्यापर्यंत खरेदी 55 लाखांची झाली आणि विक्री 50 लाखांची. त्या विक्रीत नफा 20 टक्के, म्हणजे विकलेल्या मालाची मूळ किंमत 40 लाख. 25 अधिक 55 वजा 40, शिल्लक 40 लाख. हा हिशेब मागच्या वर्षाच्या प्रत्येक महिन्याअखेरचा करा आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा धरा. मार्चअखेरचा आकडा धरू नका. मार्चमध्ये तुम्ही माल उतरवलेला असतो आणि हिशेबनीसाच्या ताळेबंदात तोच कमी आकडा बसलेला असतो.

आता जीएसटी. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट तुम्ही घेतलेली असते, म्हणून तो खर्चात धरायचा नाही असं वाटतं. पण माल जळाला किंवा चोरीला गेला, तर जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे त्या मालावर घेतलेली वजावट परत करावी लागते. म्हणजे नुकसानीच्या वर्षात तो कर तुमच्या खिशातून जातो. म्हणून विम्याची रक्कम ठरवताना कर धरून आकडा काढा आणि मालाची किंमत जीएसटीसह आहे, हे अर्जात आणि पॉलिसीवर लिहून घ्या. 5 टक्के दर धरला, तर आपल्या 40 लाखांचे 42 लाख झाले. हप्त्यात फारसा फरक पडत नाही, पण दाव्याच्या वेळी "हा कर विम्यात होता का?" या प्रश्नाला तुमच्याकडे लेखी उत्तर राहतं.

कुणी म्हणेल, "ताई, चार महिन्यांसाठी वर्षभराचा मोठा हप्ता कशाला?" शंका रास्त आहे. उपाय दोन आहेत. वर्षभर नेहमीच्या मालाइतका विमा ठेवा आणि गाठोडी सुटण्यापूर्वी, श्रावणातच, रक्कम वाढवण्याचं लेखी पत्र कंपनीला द्या. कंपनी पॉलिसीला जोडपत्र लावते, त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात, आणि वाढीव हप्ता उरलेल्या मुदतीपुरता घेते. एजंटला फोनवर सांगणं म्हणजे विमा वाढवणं नव्हे, जोडपत्र हातात आलं पाहिजे. ज्यांचा माल दर महिन्याला खूप वरखाली होतो त्यांनी डिक्लरेशन पद्धतीची विचारणा करावी. तीत वरची मर्यादा धरून विमा घेतात आणि ठरल्या काळाने प्रत्यक्ष मालाचा आकडा कळवत राहतात. पण कळवण्यात खंड पडला तर फायदा जातो. वही नियमित लिहिणाऱ्यानेच या वाटेला जावं.

आता पोळीतली ती खोली. विमा पत्त्यावर असतो. पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्याबाहेर, म्हणजे त्या खोलीत ठेवलेल्या 10 लाखांच्या मालाला त्या पॉलिसीचा आधार धरू नका. दोन्ही पत्ते लिहून घ्या. माल रोज इकडून तिकडे जात असेल, तर प्रत्येक पत्त्याला वेगळी रक्कम बांधण्याऐवजी दोन्हींवर मिळून एकच रक्कम मागा. त्याला फ्लोटर म्हणतात. आणि इमारत कशाची आहे ते खरं सांगा. मांडवी-लहेरीपुऱ्याकडची जुनी घरं लाकडी खांब, लाकडी माळे आणि वर पत्रा अशी आहेत. हप्ता वाचावा म्हणून तिथे "पक्कं सिमेंटचं बांधकाम" लिहिलं, तर पहिला वाद सर्व्हेयर दारात आला की तिथेच सुरू होतो.

यानंतर फर्निचरकडे वळते. इथे तर बरेच जण कोरेच असतात. रॅक, काउंटर, काचेची कपाटं, फॉल्स सीलिंग, एसी, इन्व्हर्टर, कॅमेरे, पुतळे, बाहेरचा बोर्ड, शटर, हे सगळं मालाच्या रकमेत येत नाही. त्यांची वेगळी ओळ आणि वेगळी रक्कम लागते. मालाची रक्कम उरली म्हणून ती फर्निचरला वापरता येत नाही. दुकान भाड्याचं किंवा पागडीचं असेल तर भिंती मालकाच्या, पण आतलं काम तुमच्या पैशांनी झालेलं आहे. ते तुमच्या पॉलिसीत तुमच्या नावाने लिहिलेलं हवं आणि सुताराची, काचवाल्याची बिलं जपलेली हवीत.

फर्निचरची रक्कम आजच्या भावाने धरा. समजा आठ वर्षांपूर्वी 6 लाखांत काम केलं आणि आज तेच करायला 10 लाख लागतील. पॉलिसीत मूल्य कसं धरलंय ते वाचा. बाजारमूल्य लिहिलं असेल, तर आठ वर्षांची झीज वजा करून पैसे मिळतील आणि नवं काम निम्मंही होणार नाही. पुनःस्थापना मूल्य, म्हणजे जुन्याच्या जागी तसंच नवं उभं करण्याचा खर्च, लिहिलं असेल तर झीज कापत नाहीत. मात्र तेव्हा विम्याची रक्कमही 10 लाखांचीच हवी आणि काम खरोखर करून दाखवावं लागतं. विमा 6 लाखांचाच ठेवलात, तर तीच प्रमाणाची कात्री इथेही लागते.

आगीची पॉलिसी फक्त आगीची नसते, हेही सांगून टाकते. वीज कोसळणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दंगल, पाण्याची टाकी फुटणं या गोष्टी त्याच पॉलिसीत आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली आणि शहराचा मोठा भाग पाण्यात गेला, तेव्हा नवरात्र जेमतेम पाच आठवड्यांवर होतं. म्हणजे हंगामाचा माल घेण्याचे हेच दिवस होते. पुराने भिजलेल्या मालाचा दावा याच पॉलिसीतून होतो. "आमचा विमा तर आगीचा आहे" म्हणून कुणी गप्प बसू नका.

शॉर्ट सर्किटबद्दल एक गैरसमज आहे. शॉर्ट सर्किट झालं की विमा मिळत नाही, असं कुणीतरी सांगतं आणि बाजारभर पसरतं. खरं असं आहे की ज्या उपकरणात बिघाड झाला ते उपकरण, समजा एसी किंवा मेन स्विच, त्याच्या स्वतःच्या बिघाडाचे पैसे मिळत नाहीत. त्यातून आग पसरून जळालेल्या मालाचे आणि बाकी सामानाचे मिळतात. आग शेजाऱ्याकडून आली तरी तुमची पॉलिसी तुमचं नुकसान भरते. शेजाऱ्याचा दोष सिद्ध होईपर्यंत थांबायची गरज नाही.

सुरतच्या शिवशक्ती टेक्सटाईल मार्केटची आग तुम्हाला आठवत असेल, फेब्रुवारी 2025 ची. पहिल्या दिवशी तळघरात लागलेली आग आटोक्यात आली असं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यांवर पुन्हा भडकली. शेकडो दुकानांचं नुकसान झालं. अशा आगीत दुकानाबरोबर वह्या, बिलं आणि संगणकही जातात. माल किती होता हे सिद्ध करायचं ओझं मात्र दुकानदारावरच राहतं. म्हणून खरेदीची बिलं आणि हिशेबाची प्रत दुकानाबाहेर ठेवा, टॅलीची प्रत ऑनलाइन ठेवा आणि महिन्यातून एकदा मोबाइलवर रॅकन्‌रॅक दिसेल असं चित्रण करून ते घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.

इथे एक नाजूक गोष्ट बोलते. राग मानू नका. बँकेला दर महिन्याला मालाचं पत्रक देता ना? काही जण मर्यादा टिकावी म्हणून त्यात माल फुगवून दाखवतात, हिशेबात कमी दाखवतात आणि विम्यासाठी तिसराच आकडा देतात. आग लागली की सर्व्हेयर तिन्ही कागद एकाच टेबलावर ठेवतो. पत्रकात 45 लाख, वहीत 28 लाख, जीएसटीच्या विवरणावरून 33 लाख, असं निघालं की तुमच्या खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. नंतर वकील गाठण्यापेक्षा आजच तिन्ही आकडे एक करा.

आता चोरी. आगीच्या पॉलिसीत चोरीचा उल्लेख दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. तो उल्लेख एवढाच आहे की आग, पूर, दंगल अशी विम्यातली घटना घडली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत माल चोरीला गेला, तर ते नुकसान धरतात. कुठल्याशा रात्री शटर उचकटून चोर शिरला, तर त्यासाठी वेगळा घरफोडीचा विमा लागतो, किंवा दुकानदारांच्या एकत्रित पॉलिसीत घरफोडीचा भाग घेतलेला असावा लागतो.

या विम्याचा जीव एका अटीत आहे. जबरदस्तीने आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची खूण हवी. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात हेच सांगितलं. घरफोडीच्या पॉलिसीत बळाचा किंवा हिंसेचा वापर ही अट लिहिली असेल, तर नुसती चोरी पुरेशी नाही, चोरीच्या आधी बळ वापरलेलं दिसलं पाहिजे. भर दुकानात गिऱ्हाइकाने दोन साड्या पिशवीत टाकल्या, तर ते यात बसत नाही. मोजणीत माल कमी भरला, तर तेही नाही. नोकराने थोडं थोडं करून नेलं तर त्यासाठी विश्वासघाताचा विमा वेगळा मिळतो. आणि कुणी चावीची नक्कल करून शांतपणे कुलूप उघडून गेला, तर तुमचा दावा तिथेच अडखळतो. म्हणून चावी दुकानातल्या खिळ्यावर टांगू नका आणि जुना नोकर गेला की कुलूप बदला. चोरी झाल्यावर पोलीस पंचनाम्यात वाकलेलं शटर, तुटलेली कडी, फोडलेली खिडकी हे शब्द आले आहेत ना, ते सही करण्यापूर्वी वाचा. पंचनामा होईपर्यंत शटर दुरुस्त करू नका.

रक्कम किती धरायची, ते तुमच्या मालावर आहे. साड्यांचं 30 लाखांचं दुकान एका रात्रीत रिकामं करायला चोराला ट्रक लागेल आणि बाजारात ट्रक उभा राहिला तर चौकीदाराला दिसेल. अशा दुकानांसाठी कंपन्या एकूण मालाच्या काही टक्क्यांपर्यंत, समजा 25 टक्के, विमा देतात. त्याला फर्स्ट लॉस म्हणतात. हप्ता कमी पडतो, पण एकूण मालाची किंमत खरी सांगावी लागते, कारण प्रमाणाचा हिशेब त्या एकूण किमतीवर होतो. 30 लाखांचा माल 15 लाखांचा सांगितलात, तर इथेही निम्मेच पैसे हाती येतील. मोबाइल, घड्याळं, चांदीची भांडी विकणाऱ्यांनी मात्र या स्वस्त वाटेला जाऊ नये. त्यांचा सगळा माल दोन पोत्यांत मावतो. त्यांनी पूर्ण किमतीचाच विमा घ्यावा.

गल्ल्यातल्या रोकडीसाठी वेगळी ओळ असते. बहुतेक पॉलिसी बंद तिजोरीतली रोकडच धरतात आणि तिची नोंद तिजोरीबाहेर ठेवलेली हवी, असं म्हणतात. शिवाय अनेक पॉलिसींत दुकान सलग सात दिवस बंद राहिलं तर घरफोडीचं संरक्षण थांबतं. दिवाळीनंतर लाभपाचमीपर्यंत दुकान बंद ठेवून गावाला जाणाऱ्यांनी पंचांग बघून दिवस मोजावेत आणि जास्त होत असतील तर कंपनीला आधी कळवून लेखी संमती घ्यावी.

मग आज घरी जाऊन करायचं काय? पॉलिसी सापडत नसेल तर उद्या बँकेत जाऊन प्रत मागा, ती तुमचीच आहे. तिच्यावर पेन्सिलने पाच गोष्टी तपासा. मालाची रक्कम सर्वांत मोठ्या महिन्याची आहे का, दोन्ही पत्ते आहेत का, फर्निचरची वेगळी ओळ आहे का, त्याचं मूल्य कसं धरलंय आणि घरफोडीचा भाग आहे का. जिथे "नाही" आलं तिथे कंपनीला पत्र लिहा आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. बँकेने काढलेली पॉलिसी कमी पडत असेल तर रक्कम वाढवून द्या असं बँकेलाच लेखी सांगा. वेगळी दुसरी पॉलिसी घेतलीत, तर दोन्ही कंपन्यांना एकमेकींची माहिती द्या, नाहीतर दाव्याच्या वेळी दोघीही एकमेकींकडे बोट दाखवतील.

हप्ता महाग वाटला तर मंडळाच्या वतीने चार कंपन्यांकडून एकाच रकमेचे, एकाच अटींचे दर लेखी मागवा. दर पाडण्यासाठी घासाघीस जरूर करा. फक्त ती दरावर करा, रकमेवर नको. मालाची रक्कम कमी करून वाचवलेला हप्ता आगीच्या दिवशी आपल्याच नुकसानीतून वजा होतो, तो 12 लाखांचा हिशेब आठवा. आता ज्यांनी पॉलिसी सोबत आणली आहे, त्यांनी पुढे या. मी चष्मा लावून बसलेच आहे.